चोवीस काड्यांचा कंदील

आकाशकंदील म्हटल्यावर जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे जो आकार उभा राहतो, त्याला चौदा अंगं असतात. सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. कोपऱ्यांवर करंज्या, खाली झिरमिळ्या, आत दिवा. मागून चांदण्या आल्या, कमळं आली, विमानं आली, प्लॅस्टिकचे घडीचे गोल आले. तरी माहीमच्या कंदील गल्लीत किंवा गोव्यातल्या आकाशकंदील स्पर्धेत ‘पारंपरिक’ या नावाखाली जे टांगलेलं दिसतं, त्यात हा चौदा अंगांचा कंदील असतोच.

त्याला काड्या लागतात फक्त चोवीस, आणि त्या सगळ्या एकाच मापाच्या. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि कोपऱ्याला कोपरा जोडायचा. त्रिकोण कुणी बांधत नाही. चौकोन जोडले की त्यांच्यामध्ये उरलेल्या जागा आपोआप त्रिकोणी होतात. ज्याने कुणी हे पहिल्यांदा शोधलं, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पण त्याला भूमितीची चांगली जाण होती, एवढं नक्की.

गेल्या काही वर्षांत हा कंदील घरी करून त्याचं टाइमलॅप्स चित्रण करण्याची टूम निघाली आहे. सहा-सात तासांचं काम दोन मिनिटांत धावतं, सुरुवातीला सामानाची यादी येते, शेवटी दिवा लागतो. यातल्या बहुतेक फिती बघायला गोड असतात आणि करायला बसलं की उपयोगी पडत नाहीत. कारण काड्या बांधून झाल्यावर सांगाडा लुळा पडतो, आणि तो सरळ कसा करायचा हे नेमकं त्या धावपळीत निसटून जातं. या लेखाचा बराचसा भाग त्या लुळेपणाबद्दल आहे. बांबू, खळ आणि कॅमेरा ओघाने येतील.

आधी थोडं मागचं. कार्तिकात उंच खांबावर दिवा लावण्याचा आचार जुना आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आकाशदीपाचा विधी सांगितला आहे, आणि वाराणसीच्या घाटांवर आजही कार्तिकभर उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या-बांबूच्या टोपल्यांतून दिवे चढवतात. तिथे टोपली दिव्याचं वाऱ्यापासून रक्षण करते. आपल्या कंदिलात तेच काम कागद करतो, आणि शिवाय प्रकाशाला रंग देतो. खांबावरचा दिवा घराच्या दारात, गॅलरीत कधी आला याबद्दल ठाम विधान करण्यात अर्थ नाही. कागद स्वस्त झाल्याशिवाय मात्र तो घरोघरी पोचणं शक्य नव्हतं. जुन्नर, दौलताबाद, पुण्याचा कागदीपुरा इथे हातकागद होत असे, पण तो दप्तरासाठी. तो फाडून कुणी कंदिलाला लावला नसता.

आता सामान. हे सगळं एका मापाच्या कंदिलासाठी आहे, आणि ते माप मी मुद्दाम निवडलं आहे: काडीची बांधल्यावरची लांबी २२ सेंमी. कारण कागदाच्या तावात आहे. पतंगाच्या कागदाचा ताव साधारण ५० बाय ७५ सेंमीचा धरू. चौकोनाला चारी बाजूंनी दीड-दीड सेंमी दुमड ठेवली की तो २५ सेंमीचा होतो, आणि एका तावातून असे बरोबर सहा निघतात. त्रिकोणाला तेवढीच दुमड धरली की त्याची बाजू २७ सेंमीच्या किंचित वर जाते आणि उंची साडेतेवीसच्या आसपास येते. एक सुलटा, एक उलटा असे आखत गेलं की पट्टीत चार बसतात, तावात दोन पट्ट्या, म्हणजे आठ. जेवढे हवेत तेवढेच. काडी २५ सेंमीची घेतली तर तावातून दोनच चौकोन निघतात आणि बाकीचा कागद कातरणात जातो. दुकानातला ताव वेगळ्या मापाचा असेल तर आधी ताव मोजावा आणि मग काडी ठरवावी. बहुतेक जण उलटं करतात.

तेव्हा यादी अशी. बांबूचं एक पेर, ३६ ते ४० सेंमी लांब आणि साधारण ६ सेंमी जाड. पतंगाचा किंवा तसाच पातळ कागद, तीन ताव: एक चौकोनांना, एक त्रिकोणांना, एक झिरमिळ्या आणि करंज्यांना. जाड सुती दोरा एक रीळ. मैदा पाव वाटी. बेगडाच्या सोनेरी पट्ट्या, हव्या असतील तर. होल्डर, वायर आणि तीन ते पाच वॉटचा एलईडी दिवा. हत्यारांत कोयता किंवा जाड पात्याची सुरी, बारीक दातांची करवत, कात्री, फूटपट्टी, कानस किंवा सँडपेपर, खळीसाठी चपटा ब्रश. एवढंच.

बांबूचं एक पेर पुरतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ६ सेंमी जाड पेराचा घेर जवळजवळ १९ सेंमी भरतो. त्याची दोन भकलं, मग चार, आठ, सोळा, बत्तीस केली की प्रत्येक कामटी सुमारे ६ मिलिमीटर रुंद होते. चोवीस काड्या, दोन आडव्या लांब काड्या, आणि सहा राखीव. राखीव लागतातच.

बांबू नेहमी निम्मा-निम्माच चिरायचा. दोन्ही बाजू सारख्या जाड असल्या की चीर मधोमध धावते. एका कडेची बारीक कामटी काढायला गेलं तर चीर हळूहळू त्या बारीक बाजूकडे सरकते आणि कामटी अर्ध्यातच सुटून येते. चीर सरकायला लागलेली दिसली तर कोयता तिथेच थांबवावा आणि जाड बाजू हाताने बाहेर वाकवावी. जी बाजू जास्त वाकते तिच्याकडे चीर वळते, म्हणून ती पुन्हा मध्यावर येते. बुरूड कारागिरांचे हात हे न बघता करतात. आपण बघून करावं आणि बोटं जपावीत, कारण फाटलेल्या बांबूची कड पात्यासारखी असते. कूस गेली तर ती निघता निघत नाही. प्रत्येक कामटीच्या दोन्ही कडांवरून सँडपेपर फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पेर निवडतानाच गाठ टाळायची. गाठीपाशी तंतू वेडेवाकडे जातात, तिथे कामटी फुगीर राहते आणि बहुधा तिथेच मोडते. म्हणून कंदिलाची काडी पेरापेक्षा लांब असू नये. कोकणातला माणगा किंवा घाटावरचा मानवेल, दोन्ही चालतात. कामटीची पाठ, म्हणजे हिरवी चकचकीत बाजू, हीच तिची ताकद. ती तासायची नाही. पोटाकडचा भुसभुशीत भाग मात्र काढून कामटी तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करायची. ओला बांबू सहज चिरतो, पण ओल्या कामट्या लगेच बांधल्या तर सुकताना आकसतात आणि दोरे सैल पडतात. तेव्हा चिरावं ओलं आणि चार-पाच दिवस सावलीत सुकवून मग मापाला कापावं. जुन्या कामट्यांतून बारीक पिवळं पीठ पडत असेल तर भुंगा लागलेला आहे. त्या टाकून द्याव्यात.

चोवीस काड्या २४ सेंमीच्या कापायच्या आणि दोन्ही टोकांपासून एक-एक सेंमीवर पेन्सिलने खूण करायची. दोरा खुणेवर येतो, म्हणून बांधल्यावरची लांबी २२. इथे कोन मोजावा लागत नाही, फक्त लांबी सारखी हवी. ती तपासायची सोपी रीत म्हणजे सगळ्या काड्या मुठीत धरून टेबलावर उभ्या आपटायच्या. जी वर डोकावते ती कानशीने घासायची. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा पुढे एका त्रिकोणाचा कागद कायमचा सैल ठेवतो.

सहा चौकोन सपाट टेबलावर बांधावेत. प्रत्येक कोपऱ्याला दोरा आडवा-तिरपा दोन-दोन वेढे, मग दोन काड्यांच्या मधून एक आवळ वेढा आणि निरगाठ. हा मधला वेढा विसरला की गाठ घट्ट दिसते आणि काडी घसरते. चौकोन झाले की एक जमिनीवर ठेवायचा. तो कंदिलाचा तळ. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करून बांधायचे, जणू पत्त्यातला चौकट. आता शेजारच्या दोन चौकटांची बाजूची टोकं एकमेकांना बांधायची, असे चार सांधे. उरलेला सहावा चौकोन वरच्या चार टोकांवर ठेवून बांधला की काम संपलं. तळाचे चार, मधले चार, वरचे चार: बारा सांधे. गाठी मोजल्या तर चौकोनांच्या चोवीस आणि सांध्यांच्या बारा, एकूण छत्तीस.

आणि इथेच कंदील लुळा पडतो.

हातात धरून वरचा चौकोन किंचित फिरवला की सगळा सांगाडा पिळवटतो आणि खाली बसायला लागतो. पहिल्यांदा करणारा माणूस समजतो की आपल्या गाठी सैल झाल्या. तो सगळे दोरे पुन्हा आवळतो, कुणी सांध्यांत फेविकॉल ओततो, कुणी तारेने बांधतो. सांगाडा थोडा बरा होतो आणि टांगल्यावर परत तिरका. दोष गाठींचा नसतोच.

या आकाराचं नाव क्युबोक्टाहेड्रॉन. पनीरच्या घनाकार तुकड्याचे आठही कोपरे कडांच्या मध्यापर्यंत छाटले की हाच आकार मिळतो: घनाच्या सहा बाजूंचे उरलेले चौकोन आणि छाटलेल्या जागी आठ त्रिकोण. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी ही एक आहे. तिचा एक गुण कंदिलाला फार उपयोगी पडतो: मध्यबिंदूपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर काडीच्या लांबीएवढंच असतं. आपल्या कंदिलात दिवा मधोमध टांगला तर बाराही कोपरे त्याच्यापासून २२ सेंमीवर येतात.

पण काड्यांचा सांगाडा म्हणून ती अपुरी आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ साली सांगाड्यांचा एक हिशोब मांडला. सांधे नुसत्या बिजागरीसारखे असतील, तर आकार ताठ राहायला किमान किती काड्या हव्यात? कोपऱ्यांच्या संख्येची तिप्पट करा आणि त्यातून सहा वजा करा. आपले कोपरे बारा, म्हणजे छत्तीस वजा सहा, तीस. आपल्याकडे आहेत चोवीस. सहा कमी. आणि चौकोनही सहाच आहेत. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. म्हणजे प्रत्येक चौकोनाला एकेक कर्ण हवा आहे. बकमिन्स्टर फुलर हा अमेरिकन रचनाकार याच सांगाड्याला पिळून, तो कसा आत मिटत जातो, हे व्याख्यानांत दाखवत असे. त्याला तो गुण वाटायचा. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्याला वाटत नाही.

मग जुने कंदील ताठ कसे राहत? उत्तर कागदात आहे. चौकोनावर ताणून कागद लावला की तो कर्णाचं काम करतो. चौकोन कुठल्याही बाजूला तिरपा व्हायला गेला तरी त्याच्या दोन कर्णांपैकी एक लांबायला बघतो, आणि कागद त्याला लांबू देत नाही. कागदाला दाबलं तर तो लगेच वाकतो, पण त्याच्याच पातळीत ओढला तर तो चिवट असतो. शोभेसाठी लावलेला वाटणारा कागद हा खरा वासा आहे. चारी बाजूंच्या चौकोनांना कागद लागला की चोवीसात चार मिळाले. वरचा आणि खालचा चौकोन आपण हवेसाठी उघडा ठेवतो, म्हणून तिथे एकेक लांब काडी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांधायची. ती ३३ सेंमीची कापावी, म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंत ३१ राहते आणि दोन्ही टोकं थोडी बाहेर येतात. वरच्या काडीला होल्डर बांधता येतो, खालचीला मधल्या झिरमिळ्या. अठ्ठावीस आणि दोन, तीस. हिशोब पुरा.

हे कळलं की कामाचा क्रम बदलतो. कागद जर खरा वासा असेल, तर कागद लावताना सांगाडा सरळ असायला हवा. तो तिरपा असताना लावला तर तिरपेपणच कायम होतो. म्हणून आधी वरची आणि खालची आडवी काडी बांधावी. मग बाजूच्या प्रत्येक चौकटाला दोन्ही कर्णांवर तात्पुरता दोरा ताणून बांधावा. दोन्ही कर्ण ३१.१ सेंमी भरले की चौकोन काटकोनात आला. सेंमीचा दहावा भाग कुणी मोजू नये, दोन कर्ण एकमेकांसारखे असले म्हणजे झालं. सांगाडा जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी बघावा: वरचा चौकोन खालच्याच्या बरोबर माथ्यावर, त्याच दिशेने बसलेला दिसला पाहिजे. कागद लावून वाळला की हे दोरे आतून कापून काढायचे, नाहीतर दिवा लावल्यावर त्यांची फुली उमटते.

कागद चिकटवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवायचा, आणि दीड वाटी उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडत ढवळत राहायचं. पांढरट पाणी काही मिनिटांत किंचित पारदर्शक आणि घट्ट होतं. तिथे आच बंद. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात मुलं हाताळणार असतील तर घालू नये. फेविकॉलपेक्षा खळ बरी, कारण ती उशिरा वाळते. कागद लावल्यावर दोन-तीन मिनिटं तो सरकवून नीट करता येतो. तिचा तोटा म्हणजे झुरळं आणि कसर तिच्यावर जेवतात.

खळ काडीला आणि कागदाच्या दुमडीला लावायची, मधल्या भागाला नाही. पहिला चौकोन लावला की दुसरा त्याच्या समोरचा लावायचा, शेजारचा नाही. ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो, आणि आकसताना सांगाड्याला ओढतो. शेजारी-शेजारी दोन चौकोन वाळले तर ओढ एकाच अंगाला पडते. चारही चौकोन पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच त्रिकोणांना हात लावावा. त्रिकोण आधी लावण्याचा मोह होतो, कारण ते लहान आणि सोपे असतात. पण त्यांनी सांगाडा ताठ होत नाही, त्रिकोण हा आधीच तीन काड्यांचा ताठ आकार आहे.

कागदाच्या तंतूंनाही दिशा असते. कागदाचा लहान तुकडा एका बाजूने ओला केला की तो नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेने आडवी पडते, तंतू त्या दिशेने. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि जास्त आकसतो, म्हणून चारही चौकोनांत तंतू एकाच दिशेला ठेवावेत, उभे तर उभे. वाळल्यावर एखाद्या चौकोनावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती धावली असेल, तर समजावं की तो चौकोन तिरपा बसला आहे आणि सुरकुतीच्या दिशेचा कर्ण लांबला आहे. एक बाजूची दुमड ओली करून सोडवायची, कर्ण सारखे करायचे आणि परत लावायची. सुरकुती कडेला समांतर असेल तर तो निव्वळ सैलपणा, त्याने काही बिघडत नाही. त्यावर बारीक फवारा मारला तर कागद वाळताना ताणून बसतो. फक्त आधी कातरणावर पाणी टाकून बघावं. पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो, लाल आणि जांभळा तर हमखास, आणि मग फवाऱ्याचे ठिपके दिवाळीभर दिसतात.

चित्रणाबद्दलची माझी तक्रार आता नेमकी करता येते. टाइमलॅप्स ही ठराविक अंतराने घेतलेल्या चित्रांची मालिका, आणि ती सेकंदाला २५ चित्रं या वेगाने दाखवतात. तिला डोळ्यांना न दिसणारं हळू काम दाखवता येतं, आणि हाताचं झटपट काम तिच्यातून हरवतं. गाठ मारायला दहा सेकंद लागतात. पाच सेकंदांच्या अंतराने चित्र घेतलं तर गाठीच्या वाट्याला दोनच चित्रं येतात. कागदाचं आकसणं मात्र अर्ध्या-पाऊण तासात होतं आणि समोर बसूनही कळत नाही. ते टाइमलॅप्समध्ये बघण्यासारखं असतं: लावल्याबरोबर कागदावर लाटा उठतात, मग त्या कडांकडे सरकतात, आणि शेवटी कागद सपाट होतो. त्याच वेळी सांगाड्याचा वरचा चौकोन किंचित फिरून जागेवर येतो. आणि नेमका हा तास बहुतेक जण कॅमेरा बंद करून चहाला जातात.

म्हणून अंतर कामाप्रमाणे बदलावं. बांबू चिरण्याचा तास दहा सेकंदांच्या अंतराने घेतला की ३६० चित्रं, म्हणजे चौदा सेकंदांची फीत. बांधणीचे दोन तास पाच सेकंदांनी घेतले की १,४४० चित्रं, जवळजवळ ५८ सेकंद. कागद लावण्याचे दोन तास आठ सेकंदांनी, ३६ सेकंद. वाळण्याचा तास पंधरा सेकंदांनी, दहा सेकंद. सुरुवातीला सामानाला दहा सेकंद धरले तर सगळं मिळून दोन मिनिटं आणि आठ सेकंद होतात. या खेरीज कोपऱ्याची गाठ आणि कर्णाचा दोरा, या दोन गोष्टी साध्या वेगाने वीस-वीस सेकंद जवळून घ्याव्यात आणि मध्ये जोडाव्यात. काही फोनमधला तयार टाइमलॅप्स हे अंतर स्वतःच ठरवतो आणि काम लांबलं की वाढवत नेतो, त्यामुळे सहा तासांचं काम अर्ध्या मिनिटात कोंबलं जातं. अंतर आपल्या हाती ठेवणारं अ‍ॅप वापरावं, किंवा प्रत्येक टप्प्याचं चित्रण वेगळं सुरू करावं.

फोन तिवईवर, टेबलाच्या थोडा वरून, तिरका. अगदी डोक्यावरून घेतलं तर सपाट चौकोन छान दिसतात, पण सांगाडा उभा राहिला की त्याची उंची कळत नाही. प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करून ठेवावेत, नाहीतर लाल कागद समोर आला की चित्र उजळतं आणि पांढरा आला की काळवंडतं, आणि फीत लुकलुकत राहते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे आणि लुकलुक टळते. खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, ऊन सरकतं. पंखा बंद, फोन चार्जरला लावलेला आणि विमान मोडवर. मालिकेच्या मधोमध आलेला फोन हा या कामातला सर्वांत सामान्य अपघात आहे.

सामानाची यादी दाखवताना वस्तू नुसत्या मांडून उपयोग नाही. त्या वापराच्या क्रमाने ठेवाव्यात, शेजारी फूटपट्टी पडलेली असावी, आणि पडद्यावर नावासोबत माप यावं. ‘बांबूच्या काड्या’ एवढ्यावरून कुणी काही करू शकत नाही. ‘चोवीस काड्या, २४ सेंमी, खूण एक सेंमीवर’ यावरून करू शकतो. यादी वाचून होईल इतका वेळ चित्र स्थिर ठेवावं. दहा सेकंद कमी वाटले तर पंधरा.

शेवटचं सोपं आहे. बाराही कोपऱ्यांवरच्या गाठी आणि बाहेर आलेली टोकं झाकायला कागदाच्या लहान चौकोनी तुकड्यांचे द्रोण वळून करंज्या चिकटवायच्या. झिरमिळ्या तळाच्या चार काड्यांना, पट्टी दोन सेंमी रुंद आणि अर्धा मीटर लांब, याहून लांब असल्या तर वाऱ्यात एकमेकींत गुंततात. कंदील वायरवर टांगू नये. वरच्या चार कोपऱ्यांना चार दोरे बांधून ते एका कडीत घ्यावेत, वायर सैल सोडावी. दिवा मधोमध असला की चौकोनी कागद त्याच्यापासून साडेपंधरा सेंमीवर येतो आणि त्रिकोणी अठरावर. म्हणून चौकोनांना गडद रंग आणि त्रिकोणांना फिका, असं केलं तर उजेड सारखा दिसतो. पूर्वीच्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बने कागद करपत असे. एलईडीचा तसा त्रास नाही, पण एलईडीसुद्धा कागदाला टेकलेला नसावा. परतीचा पाऊस अजून रेंगाळत असेल तर कंदील पागोळीच्या आत लावावा. खळीला पाणी लागलं की दुमडी सुटतात, आणि कागद सुटला की सांगाडा पुन्हा लुळा.

कार्तिकी पौर्णिमा झाली की कागद फाडून काढावा, ओल्या फडक्याने खळ पुसावी, नाहीतर पावसाळ्यात कसर येते. मग बारा सांध्यांचे दोरे कापावेत. चौकोनांच्या गाठी तशाच राहू द्याव्यात. सहा सपाट चौकोन आणि दोन लांब काड्या कपाटामागे मावतात. पुढच्या वर्षी लागतील ते तीन ताव, पाव वाटी मैदा आणि बारा सांध्यांपुरता दोरा.